सत्तेचाळीस पूर्णांक पंचवीस

ते शिफारसपत्र लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीसाठी आमच्या क्लबातून एकच फलंदाज पाठवायचा होता आणि माझ्याकडे लायक मुलं होती दोन. मोसमात दोघांचे दहा-दहा डाव झालेले. स्कोअरबुकाच्या शेवटच्या पानावर दोघांच्या नावांपुढे दोन आकडे. एकाची सरासरी 47.25, दुसऱ्याची 32.40. यात विचार करण्यासारखं काय होतं? पंधरा धावांचा फरक. मी मोठा आकडा असलेल्या पोराचं नाव लिहिलं, सही केली आणि पाकीट बंद केलं.

मुलांची नावं इथे लिहीत नाही, अजून शाळेत आहेत. पहिला डावखुरा, वन डाऊन येणारा, उंच, हातात जोर. त्याने मारलेला चेंडू शेजारच्या सामन्याच्या स्लिपमध्ये जाऊन पडायचा. (ज्यांनी आझाद किंवा क्रॉस मैदान पाहिलंय त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. तिथे आपला डीप मिडविकेट आणि दुसऱ्यांचा गली एकाच सावलीत उभे असतात.) दुसरा लहानखुरा, सलामीचा, पॅड त्याच्या मांडीपर्यंत येतात. त्याची बॅटिंग पाहायला कोणी थांबत नाही. डावखुरा खेळताना मात्र भेळवाला गाडी ढकलायची विसरतो.

संध्याकाळी किट आवरताना लहानखुरा जवळ आला. रडला वगैरे नाही. म्हणाला, "सर, मी काय करायला पाहिजे होतं?"

मी म्हणालो, "अरे, ॲव्हरेज बघ ना."

तो "हो सर" म्हणाला आणि स्टंप पिशवीत भरू लागला. हे सगळं आमच्या स्कोअरर काकांनी ऐकलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. कॅश काउंटरवर अख्खी नोकरी काढल्यामुळे की काय, कुठलीही बेरीज जुळली तरी त्यांना बरं वाटत नाही. ती का जुळली हेही त्यांना कळावं लागतं. त्यांनी पेन्सिल कानामागे खोवली आणि म्हणाले, "सर, घाई नसेल तर पाच मिनिटं बसा."

त्यांनी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या.

डावखुरा: 4, 0, 138, 7, नाबाद 2, 61, 0, 11, नाबाद 146, 9.

लहानखुरा: 31, 24, 42, 18, 37, 55, 29, 8, 46, 34.

"आता सरासरी विसरा," काका म्हणाले, "आणि मला सांगा, उद्या सकाळी साडेनऊला हा डावखुरा खेळायला आला तर तुम्ही किती धावांची अपेक्षा धराल?"

मी गप्प बसलो. सत्तेचाळीस म्हणायची हिंमत झाली नाही. कारण दहा डावांत तो सत्तेचाळीसच्या आसपास एकदाही गेला नव्हता. सात वेळा तो 11 किंवा त्याच्या खाली होता आणि उरलेल्या तीन वेळा बराच वर. सरासरीच्या जागी कोणी नव्हतंच. काकांनी त्याचे दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले आणि मधल्या दोघांवर बोट ठेवलं: 7 आणि 9. म्हणजे मधला डाव 8 धावांचा. लहानखुऱ्याचं तसंच केलं तर मधोमध 31 आणि 34 येतात, म्हणजे साडेबत्तीस. त्याची सरासरी 32.40 आणि मधला डावही जवळजवळ तितकाच. एका मुलाचा आकडा त्याच्या नेहमीच्या दिवसाबद्दल बोलत होता, दुसऱ्याचा त्याच्या तीन दिवसांबद्दल.

मग काका नाबादांकडे वळले. सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, बाद होण्याच्या संख्येने भागतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं. डावखुऱ्याच्या एकूण धावा 378, बाद आठ वेळा, म्हणून 47.25. दहानेच भागलं असतं तर 37.80. या नियमात गैर काही नाही, नाबाद राहणाऱ्याला त्याचं श्रेय मिळायलाच हवं. पण डाव थोडे असले की हा नियम आकडा फुगवतो. 1999 च्या विश्वचषकात लान्स क्लूझनरने 281 धावा केल्या आणि त्याची सरासरी पडली 140.50, कारण अख्ख्या स्पर्धेत तो दोनदाच बाद झाला. तो त्या वेळी भयंकर खेळत होता यात शंकाच नाही, पण दर डावाला 140 धावा करत होता असं त्याच्या आईनेही म्हटलं नसतं.

"आणि हे नाबाद 146," काका म्हणाले, "तो संघ आठवतो ना?"

आठवत होता. त्यांचे दोन मुख्य गोलंदाज परीक्षेमुळे आले नव्हते. तो नववा सामना दोघांच्याही खात्यातून काढून टाकला तर डावखुऱ्याच्या उरतात 232 धावा, बाद आठ वेळा: 29.00. लहानखुऱ्याच्या 278, बाद नऊ वेळा: 30.89. एक सामना बाजूला ठेवल्यावर क्रमच उलटला. पंधरा धावांच्या ज्या फरकावर मी पाकीट बंद केलं होतं, तो शनिवार-रविवारच्या एका सामन्यातून आलेला होता.

इथपर्यंत मी थोडा खजील झालो होतो, एवढंच. स्वतःशी म्हटलं, सामना बाजूला काढायचा तर कोणाचाही काढता येईल; शतक ठोकणं हाही गुणच आहे. आणि ते खरंही आहे. लहानखुऱ्याच्या दहा डावांत एकच अर्धशतक आहे. तिशीत येऊन बाद व्हायची त्याला खोडच. मुंबईच्या मैदानावर याला माफी नसते. आमच्या लहानपणी तीस करून बाद झालेल्याला शून्यावर बाद झालेल्यापेक्षा जास्त शिव्या बसायच्या, कारण शून्यवाल्याला निदान खेळपट्टी कळलेली नसते.

पण मग काकांनी स्कोअरबुकाचं असं एक सदर उघडलं, जे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आणि कधी वाचलंच नाही. डावाच्या पानावर खाली एक पट्टी असते: कितव्या धावेवर कितवा गडी बाद झाला. काका नुसते पहिल्या गड्याचा आकडा वाचत गेले.

ज्या सहा डावांत डावखुरा 11 किंवा त्याहून कमी धावांवर बाद झाला, त्या सहाही डावांत आमचा पहिला गडी वीस धावांच्या आत गेला होता. आमचा दुसरा सलामीवीर त्या मोसमात फारच कच्चा होता, त्यामुळे डावखुऱ्याला बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या षटकातच आत जावं लागायचं. नाबाद 2 चा डाव वेगळाच, तिथे छोटं लक्ष्य होतं, लहानखुरा 37 करून बाद झाला तेव्हा विजयाला पाच-सहा धावा राहिल्या होत्या. आणि त्या तीन मोठ्या खेळी? त्या तिन्ही डावांत पहिला गडी बाद झाला तेव्हा धावफलकावर अनुक्रमे 74, 88 आणि 91 होते.

काकांनी पेन्सिलीने खालची ओळ दाखवली. त्या तीन डावांत लहानखुऱ्याच्या धावा: 42, 55, 46. त्याच्या मोसमातल्या सर्वांत मोठ्या तीन खेळी.

मी तो कागद बराच वेळ बघत राहिलो. लाल चेंडू नवा असताना त्याची शिवण उभी असते, चकाकी असते. वीस-बावीस षटकं आमच्या मैदानांवर घासला की तो मऊ पडतो, स्विंग जवळजवळ संपतो, गोलंदाजांचे खांदेही पडतात. डावखुऱ्याने शतकं ठोकली ती या जुन्या चेंडूवर. आणि चेंडू जुना कोणी केला, तर सलामीच्या जोडीने. तिचा टिकणारा भाग म्हणजे हा पॅडात बुडालेला पोरगा. त्या 47.25 मध्ये त्याचाही हिस्सा होता, पण सरासरीच्या सदरात भागीदाराचं नाव लिहायला जागा नसते.

पाकीट तोवर गेलं होतं.

घरी जाऊन मी हे ताईला सांगितलं. ताई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मला वाटलं, ती म्हणेल, बरोबर आहे तुझ्या काकांचं, सातत्यच महत्त्वाचं. ती कागद पाहून म्हणाली, "तुझा हा छोटा मला संशयास्पद वाटतो."

"म्हणजे?"

"इतका सारखा कोणी खेळत नाही रे." आणि तिने भाच्याच्या सापशिडीतला फासा माझ्या हातात दिला. नियम सांगितला: सहा पडला की बाद, दुसरं काहीही पडलं की पाच धावा. दहा डाव खेळ.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळलो. माझे डाव असे झाले: 15, 0, 60, 5, 25, 0, 40, 10, 85, 20. बेरीज 260, सरासरी 26. या नियमाने अनंत काळ खेळलं तर सरासरी 25 यायला हवी, तेव्हा माझं बरं चाललं होतं म्हणायचं.

"आता मला सांग," ताई म्हणाली, "हा फलंदाज बेभरवशाचा आहे का? दोन भोपळे, एक पाच, मग एकदम पंच्याऐंशी. तू याला संघातून काढला असतास. पण फाशाचा फॉर्म जात नाही. त्याची बाद होण्याची शक्यता प्रत्येक फेकीला तीच, सहात एक. याच्याइतका सातत्यवान खेळाडू तुला मिळणार नाही."

हे मला पचायला वेळ लागला. क्रिकेटच्या धावा मुळातच विखुरलेल्या असतात. एका चुकीवर डाव संपतो, मग ती पहिल्या चेंडूवर होवो की दोनशेव्या; त्यामुळे छोटे डाव पुष्कळ आणि मोठे थोडे, हीच धावांची नैसर्गिक ठेवण. ताईने सांगितलं की 1945 मध्येच वुड नावाच्या इंग्रज अभ्यासकाने खऱ्या फलंदाजांच्या धावा अशाच फाशासारख्या पसरतात का, हे तपासून पाहिलं होतं. ढोबळ हिशेब असा: अशा फलंदाजाचा मधला डाव सरासरीच्या साधारण सत्तर टक्क्यांवर पडतो. म्हणजे चाळीसची सरासरी असणारा माणूसही निम्म्या वेळा अठ्ठावीसच्या आत परततो. खऱ्या माणसांत भोपळे या हिशेबापेक्षा जरा जास्तच निघतात, कारण आल्या आल्या नजर बसलेली नसते. ब्रॅडमनची कसोटी सरासरी 99.94, आणि त्याच्या 80 डावांतही 7 भोपळे आहेतच.

"मग काकांचं चुकलं?" मी विचारलं.

"दहा डावांवरून 'हा सातत्यवान, तो नाही' असं म्हणणं हे चुकलं. तुझ्या छोट्याला पुढच्या वर्षी चार भोपळे मिळतील तेव्हा तू काय करणार आहेस? आकडे सारखे येणं म्हणजे सातत्य नाही. तो मुलगा दर चेंडूला काय करतो, ते सारखं आहे का बघ."

मी दुसऱ्या दिवशी काकांकडून स्कोअरबुक मागून घेतलं आणि यावेळी धावांकडे पाहिलंच नाही. दोघे कसे बाद झाले, तेवढं उतरवलं. लहानखुरा: दोनदा पायचीत, दोनदा त्रिफळाचीत, एकदा धावबाद, एकदा यष्टिचीत, बाकी झेल, आणि तेही वेगवेगळ्या जागी. काही साचा दिसेना. डावखुरा: सहा छोट्या डावांत पाच वेळा यष्टिरक्षक किंवा स्लिपच्या हातात झेल, एकदा त्रिफळाचीत. सहाही वेळा पहिल्या पंधरा चेंडूंत. मोठ्या दोन डावांत बाद झाला तो सीमेजवळ, दमल्यावर.

फासा दर वेळी स्लिपच्या हातात जात नाही. इथे नशिबाचं काम संपलं आणि माझं सुरू झालं. माझं म्हणजे, जे मी मोसमभर करायला हवं होतं ते. उजव्या हाताचा गोलंदाज पंचाच्या बाजूने धावत येऊन डावखुऱ्याला चेंडू टाकतो तेव्हा चेंडू मुळातच कोनातून त्याच्यापासून दूर, स्लिपच्या दिशेने जात असतो. त्यात तो नवा असला की आणखी जरासा सरकतो. आमच्या पोराचा पाय पुढे सरळ पडायचा, चेंडूच्या जवळ जायचाच नाही, आणि हात मात्र ड्राइव्हसाठी पसरायचे. बॅट आणि शरीर यांच्यात घरात शिरता येईल एवढी फट. जुना चेंडू सरळ येतो, म्हणून तोच फटका कव्हरमधून चौकार जातो. टाळ्या पडतात. मीही वाजवल्या होत्या. नेटमध्ये तर चेंडू नेहमी जुनाच असतो, नवा कोण देतो तिथे? त्यामुळे नेटमध्ये हा दोष मला कधी दिसलाच नाही.

निवड चाचणीचं काय झालं ते सांगायला हवं. डावखुऱ्याला तिथे पाचव्या क्रमांकावर पाठवलं, चेंडू तोवर मऊ झालेला, त्याने सत्तरच्या घरात धावा केल्या आणि त्याची निवड झाली. माझ्या शिफारशीचं कौतुक झालं. एक मोठे प्रशिक्षक फोन करून म्हणाले, "पोरगा बरोबर हेरलात." मी "हो ना" म्हणालो. आणखी काय म्हणणार? चूक माझी होती आणि ती काकांखेरीज कोणाला दिसली नाही.

पावसाळ्यानंतर नेट सुरू झाले तेव्हा मी डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपच्या बाहेर, वीतभर अंतरावर, एक जादा स्टंप रोवला. दर सत्राला पहिले तीस चेंडू नवे, माझ्या खिशातून विकत आणलेले. नियम एकच: त्या जादा स्टंपाच्या बाहेर जे जाईल ते सोडायचं. पहिल्या आठवड्यात तो तीसपैकी आठ-नऊ चेंडूंना बॅट लावायचा. वैतागायचा. "सर, हाफ व्हॉली होता!" असं ओरडायचा, आणि तो असायचाही. दिवाळीपर्यंत तीनवर आला. आणि मी त्याचा क्रमांक वन डाऊनवरून चारवर नेला. काही जणांना ती शिक्षा वाटली.

लहानखुऱ्याचं ताईने सांगितलं तसंच झालं. नव्या मोसमाचे पहिले चार डाव: 3, 0, 12, 5. बेरीज वीस, सरासरी बरोबर पाच. क्लबातल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "याचं काय करायचं?" मी घरी येऊन वहीत पाहिलं. एकदा जोडीदाराने हाक देऊन परत पाठवल्यामुळे धावबाद. एकदा यॉर्कर. एकदा चेंडू टप्पा पडून सरपटत आला आणि घोट्यावर लागला. एकदा लेग साइडला ग्लान्स करताना कीपरने उडी मारून झेल घेतला. चार डाव, चार कारणं. नेटमध्ये पाय जात होता तिथेच जात होता, डोकं चेंडूवर होतं. पहिल्या षटकात तो आजही पूर्वीइतकेच चेंडू सोडत होता. मी त्या ज्येष्ठांना म्हणालो, "खेळू द्या." हे सांगताना पोटात गोळा आला नव्हता असं नाही. फाशावर विश्वास ठेवणं टेबलावर सोपं असतं.

हल्ली काका स्कोअरबुकात माझ्या सांगण्यावरून एक जादा आकडा लिहितात. फलंदाज आत जातो तेव्हा त्याच्या नावाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, चेंडू किती षटकं जुना झालाय ते. मोसमाच्या शेवटी सरासरीही काढतात, ती काढावीच लागते, क्लबाला हवी असते. पण माझ्या वहीत आता प्रत्येकाच्या बाद होण्याची पद्धत आणि खेळलेले चेंडू आधी येतात, धावा नंतर.

पाचव्या सामन्यात सकाळी दव होतं आणि चेंडू हलत होता. दुसरा सलामीवीर नेहमीसारखा लवकर गेला, आणि डावखुरा पॅड बांधून कडेला बसून नखं खात होता. लहानखुरा थांबला. तेवीस षटकं थांबला, धावा सत्तावीस. मग एक चेंडू उसळला आणि शॉर्ट लेगला झेल गेला. काकांनी खोडरबर शोधता शोधता पेन्सिलीने कोपऱ्यात 23 लिहिलं. दोघे मैदानाच्या मध्यावर एकमेकांना ओलांडत होते. एरवी आत जाणारा डावखुरा बॅट फिरवत, आकाशाकडे बघत जातो. त्या दिवशी तो थांबला, लहानखुऱ्याच्या हेल्मेटजवळ वाकून काहीतरी बोलला, आणि मग पुढे गेला.

लहानखुरा येऊन माझ्या शेजारी बसला, पॅड सोडू लागला.

"काय म्हणत होता रे?"

"काही नाही सर," तो म्हणाला. "विचारत होता, बॉल किती घासलाय."